कार्ट्रिजची आठवण : विक्रीच्या तारखेवरून की घरातल्या वापरावरून?

गिरगावातल्या आमच्या छोट्या दुकानातून वॉटर फिल्टरची कार्ट्रिजे घेणाऱ्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवर आठवणीचा संदेश पाठवण्याच्या दोन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत. पहिलीत विक्रीच्या तारखेत ठरावीक महिने मिळवायचे आणि त्या दिवशी सर्वांना एकच मजकूर पाठवायचा. दुसरीत कार्ट्रिज प्रत्यक्ष कधी बसवले आणि घरात रोज किती पाणी गाळले जाते, यावरून प्रत्येक घराची तारीख वेगळी काढायची. पहिलीला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत आणि ज्यांच्याकडे माणूसबळ नाही त्यांनी ती निवडली तर त्यांना दोष देता येणार नाही.

माझे मत फिरले ते एका काकूंमुळे. त्यांनी १० जानेवारीला १५०० लिटर क्षमतेची दोन कार्ट्रिजे एकदम नेली होती. सहा महिन्यांच्या हिशेबाने १० जुलैला त्यांना 'आपल्या कार्ट्रिजची मुदत संपली आहे, त्वरित मागवा' असा संदेश गेला आणि संध्याकाळी त्या दुकानात आल्या. "अहो, दुसरं बसवून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, आणि तुम्ही संपलं म्हणता? मग तुमच्या डब्यावरचे लिटर खोटे का?" मला उत्तर सुचले नाही. चुकीच्या वेळी आलेला संदेश नुसता वाया जात नाही, तर पुढचा बरोबर वेळी आलेला संदेशही ग्राहक न वाचता सोडून देतो, हे त्यानंतर इतर घरांबाबतही माझ्या लक्षात येत गेले.

त्यांचा हिशेब मग मी त्यांच्यासमोरच मांडला. घरात चार माणसे आहेत आणि सहा लिटरचे वरचे भांडे दिवसातून दोनदा भरले जाते, म्हणजे रोजचे १२ लिटर आणि एका कार्ट्रिजचे १२५ दिवस. पहिले १५ जानेवारीला बसवले होते, म्हणून ते २० मेला संपले आणि दुसरे २२ सप्टेंबरपर्यंत पुरणार होते. म्हणजे मे महिन्यात त्यांना हवा होता तो 'कपाटातले बसवा' हा, ज्यात मला एक पैसाही मिळत नाही असा संदेश, आणि मागणीची आठवण सप्टेंबरात. बदलण्याची आठवण आणि मागवण्याची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठरावीक महिन्यांच्या पद्धतीत दिसतच नाही.

आता नोंदीच्या तक्त्यात बसवल्याची तारीख, नगांची संख्या आणि रोजचे लिटर असे तीन रकाने आहेत. मागणीच्या संदेशाची तारीख अशी निघते :

```
=C2+(D2*1500/E2)-10
```

शेवटचे दहा दिवस वजा करतो, कारण पोहोचवायला दोन दिवस लागतात आणि बाकीचे 'उद्या सांगतो' म्हणण्यात जातात. क्षमता संपताच पाणी आपोआप बंद करणाऱ्या कार्ट्रिजच्या बाबतीत हे दहा दिवस फारच मोलाचे ठरतात. पाणी थांबले की ग्राहक जवळच्या दुकानातून नवे आणतो आणि आपला संदेश त्यानंतर पोहोचतो. वेष्टनावर लिटरांबरोबर महिन्यांचीही मर्यादा छापलेली असेल, तर दोन्हींपैकी जी आधी येईल ती धरावी.

या पद्धतीची खरी अडचण बसवल्याची तारीख मिळवण्याची आहे. माल पोहोचल्यावर 'बसवल्यावर फक्त १ असे उत्तर पाठवा' एवढेच मी लिहितो. उत्तर न आल्यास पोहोचल्यापासून सातवा दिवस धरतो. पहिला अंदाज चुकतोच, कारण मे महिन्यात अर्धी मुंबई गावी असते आणि फिल्टर कोरडा पडतो. म्हणून दुसऱ्या मागणीनंतर, दोन मागण्यांमधल्या दिवसांना आधी नेलेल्या नगांनी भागून येणारा आकडा मी सूत्रातल्या 1500/E2 च्या जागी ठेवतो. नवी मागणी आली की त्याच दिवशी जुनी तारीख खोडावी लागते, नाहीतर 'कालच तर नेले' हे ऐकावे लागते.

मजकूरही मग आपोआप बदलला. 'दूषित पाणी पिऊ नका' अशी भीती घालण्याऐवजी आता असे जाते : 'नमस्कार काकू. दुसरे कार्ट्रिज २० मेला बसवले असावे. रोजच्या १२ लिटरप्रमाणे ते साधारण २२ सप्टेंबरपर्यंत पुरेल. नवे हवे असल्यास नग कळवावेत. घरी शिल्लक असल्यास तसे लिहावे, तारीख पुढे नेतो.' हिशेब दिसत असल्यामुळे चूक असेल तर ग्राहक स्वतःच ती दुरुस्त करून कळवतात.

एका वस्तूसाठी मात्र मी अजून ठरावीक तारखेचीच पद्धत ठेवली आहे, ती म्हणजे नळावरच्या फिल्टरमधली पांढरी स्पन कँडल. तिचे आयुष्य लिटरांपेक्षा गाळावर ठरते. पावसाळ्यात किंवा सोसायटीची टाकी धुतल्यावर ती दोन आठवड्यांतही तपकिरी होऊ शकते. तिथे हिशेब मांडण्यात अर्थ नसल्याने, जून सरता सरता 'पारदर्शक भांड्यातून कँडलचा रंग पाहा आणि नळाची धार बारीक झाली असेल तर कळवा' एवढाच संदेश सर्वांना एकदम जातो.