`caused` च्या पुढे काय येतं: तयार संग्रह की स्वतःचा?

"कालव्यामुळे पीक चांगलं आलं" हे मी एका अहवालात `The canal caused a good harvest` असं लिहिलं होतं. संपादकांनी `caused` खाली रेघ मारली, कारण काही लिहिलं नाही. शब्दकोशात "घडवून आणणे" एवढाच अर्थ, त्यामुळे चूक काही सापडेना. म्हणून कॉन्कॉर्डन्स ओळींकडे, म्हणजे एखादा शब्द खऱ्या मजकुरात जिथे जिथे आला त्या ओळींच्या यादीकडे वळलो. त्यासाठी तयार मजकूर-संग्रह आणि स्वतः जमवलेला संग्रह, अशा दोन्ही वाटा वापरून पाहिल्या.

पहिली वाट `COCA` हा तयार ऑनलाइन संग्रह. 1990 ते 2019 मधलं अमेरिकन इंग्रजी, सुमारे 100 कोटी शब्द. `CAUSE_v` असं शोधलं की क्रियापदाची सगळी रूपं येतात आणि नाम बाजूला राहतं. शेजारचे शब्द पाहिले तर नुकसान, अडचणी, मृत्यू, वेदना यांचीच रांग. आपल्या "कारणीभूत"सारखंच हे: अपघाताला कारणीभूत म्हणतो, भरघोस पिकाला कोणी म्हणत नाही. "मुळे" मात्र दोन्हीकडे चालतो आणि माझी गफलत तिथेच झाली होती. हा निकाल पाच मिनिटांत मिळाला.

पण मग चांगल्या परिणामासाठी लिहायचं काय? इथे मी अडलो. ओळी कादंबऱ्या, मालिका, वृत्तपत्रं अशा सगळीकडून येत होत्या. ओळीवर क्लिक केलं की आजूबाजूचा थोडा मजकूर दिसायचा, पूर्ण लेख नाही. प्रताधिकारामुळे तसं असणं समजण्यासारखं आहे, पण मला अख्खा परिच्छेद वाचायचा होता. माझ्यापुरता निर्णय या एका अडचणीने केला.

मग सिंचनावरचे साठेक अहवाल साध्या `.txt` फायलींत साठवले आणि `AntConc` या कॉन्कॉर्डन्स काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडले. तिथे रेगेक्स, म्हणजे शब्दाच्या नमुन्याने शोधण्याची सोय, चालू करून हे शोधलं:

```
\bcaus(ed|ing)\b
```

`cause` आणि `causes` मुद्दाम वगळले, नाहीतर नामाच्या ओळीही घुसतात. उजवीकडच्या पहिल्या शब्दावरून क्रम लावला. सदतीस ओळी आल्या, बहुतेक पाणथळ जमीन, गळती आणि विलंबाच्या. मग `yields` शोधून ओळींवरून थेट त्या त्या अहवालात गेलो. तिथे उत्तर होतं: चांगली बातमी सांगताना ही मंडळी "कारण" दाखवणारं क्रियापदच टाळतात. कालव्याने उत्पादन वाढवलं, `raised yields`, इतकं सरळ.

धोका एकच, एका लेखकाची लकब भाषेची रीत वाटू शकते. म्हणून ओळीशेजारचं फायलीचं नाव पाहत जावं. सदतीसपैकी नऊ ओळी एकाच अहवालातल्या निघाल्या, त्या मी वगळल्या. दुर्मीळ शब्दाला तर एवढ्याशा संग्रहात दोन ओळीही मिळत नाहीत, तिथे मोठा संग्रहच हवा.

कथांमधलं किंवा बोलण्यातलं इंग्रजी हवं असेल तर कदाचित तुम्हाला `COCA` च सोयीचं पडेल. पण एकाच विषयावर सतत लिहिणार असाल, तर त्या साठ फायली जमवायला लागलेली रविवारची दुपार मला तरी महाग वाटली नाही.