सव्वासहाला विचारलेला प्रश्न आणि मध्यरात्रीची कुंडली

आमची मुलगी दत्तक आहे. कागदांवर जन्मतारीख आहे, तीही अंदाजाने लिहिलेली. वेळेचा पत्ता नाही. त्यामुळे तिची पत्रिका कधी मांडता आली नाही आणि एरवी त्यावाचून काही अडलंही नाही. तिच्यासाठी एक चांगलं स्थळ आलं, दोघं चार-पाच वेळा भेटली, आणि माझ्याच मनाने घेतलं की एकदा कुणाला तरी विचारावं. मुलाकडच्यांनी पत्रिका मागितलेली नव्हती, हे आधीच सांगते.

जन्मवेळ नसेल तर प्रश्नकुंडली मांडतात, एवढं मला माहीत होतं. ज्या क्षणी, ज्या गावी तुम्ही प्रश्न विचारता, त्या क्षणाचं तिथलं आकाश मांडायचं आणि त्यावरून उत्तर काढायचं. पुण्यातल्याच एका ज्योतिषांचं नाव कानावर आलं होतं. फोन केला तेव्हा त्यांच्याकडच्या बाईंनी जन्मवेळ विचारली. नाही म्हटल्यावर त्यांनी अगदी मायेने विचारलं, "का हो ताई, दवाखान्यात नोंद नव्हती का?" मी सांगून टाकलं की मुलगी दत्तक आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

वेळ मिळाली २३ नोव्हेंबर २०२४ ची, संध्याकाळी पाचची. त्या दिवशी विधानसभेचे निकाल लागत होते. रस्त्यात गुलाल, मिरवणुका, आणि आमची रिक्षा तासभर अडकलेली. पोहोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. मी प्रश्न विचारला, "हे लग्न जमेल का?" त्यांनी घड्याळ पाहिलं, संगणकावर काहीतरी केलं आणि एक छापील कुंडली माझ्यासमोर ठेवली. वर तारीख होती, पुणे होतं, वेळ ६.१४ होती.

मग ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "या मुलीचं मूळ तुमच्या घरातलं नाही." माझ्या अंगावर काटा आला. मी तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं! त्या क्षणी फोनवरच्या त्या बाई मला आठवल्याच नाहीत. पुढे त्यांनी एकेक ग्रह बोट ठेवून दाखवला. सिंह लग्न, सप्तमात शनी, अष्टमात राहू, व्ययात मंगळ. लग्नाच्या प्रश्नात याहून वाईट काय असणार, असं म्हणाले. मुलीच्या जन्मदात्या कुळाचा दोष आहे, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करावा लागेल, तुम्ही यायची गरज नाही, आम्ही प्रतिनिधी बसवतो. खर्च ३१ हजार. विधी होईपर्यंत बोलणी पुढे नेऊ नका, हेही वर.

पैसे दिले. मुलाकडच्यांना मी निमित्तं सांगत राहिले. पंधरा दिवसांनी निरोप आला की विधी झाला, पण पुन्हा प्रश्न लावून पाहू. तोच प्रश्न, नवी कुंडली, नवा अडथळा, आणखी १८ हजार. डिसेंबरच्या अखेरीस मुलाच्या आईने फोन करून सांगितलं, "तुमच्या मनात नाही असं दिसतंय, आम्ही दुसरीकडे बघतो." मी काय उत्तर देणार होते?

माझे मामेभाऊ, आमचे अण्णा, पोस्टातून निवृत्त झालेत. चाळीस वर्षं पंचांग घेऊन बसणारा माणूस. त्यांच्यापुढे मी तो कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दहा सेकंद पाहिलं आणि विचारलं, "अगं, रवी चौथ्या घरात. तू रात्री बाराला गेली होतीस का?"

ते मला नीट समजावून सांगितलं, ते मी तुम्हालाही सांगते, कारण यासाठी ज्योतिष शिकावं लागत नाही. कुंडलीतलं लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास, तेच पहिलं घर. सूर्योदयाला सूर्य स्वतः त्याच राशीत असतो. म्हणून सकाळी उजाडतानाच्या कुंडलीत रवी पहिल्या घराच्या आसपास दिसणार, दुपारी दहाव्या, सूर्यास्ताला सातव्या आणि मध्यरात्री चौथ्या. एखादं घर इकडेतिकडे होईल, पण संध्याकाळच्या कुंडलीत रवी चौथ्यात पडणार नाही. आपल्याकडच्या चौकोनी कुंडलीत वरचं मधलं घर पहिलं, तिथून डावीकडे मोजत जायचं. घरात लिहिलेला आकडा हा राशीचा असतो. माझ्या कागदावर वरच्या घरात ५ होता, म्हणजे सिंह. "र" हे अक्षर चौथ्या घरात होतं.

त्या दिवशी रवी वृश्चिकेत होता आणि पुण्यात सहाच्या सुमाराला मावळला. म्हणजे सव्वासहाला समोरची रास, वृषभ, उगवत असणार. सिंह रास उगवायला त्या रात्री जवळपास बारा वाजले असते. ग्रह खरे होते, तारीख खरी होती, फक्त लग्न बदललेलं होतं. आणि लग्न बदललं की सगळी घरं सरकतात. अण्णांनी वृषभ लग्न धरून तेच ग्रह पुन्हा मांडले. शनी सप्तमातून दशमात गेला, राहू अष्टमातून लाभात म्हणजे अकराव्यात, मंगळ व्ययातून म्हणजे बाराव्यातून तिसऱ्यात. पापग्रह तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या, अकराव्या घरांत बरे मानतात, आणि हे तिन्ही तिथेच बसले. गुरू तर लग्नातच आला. ज्या तीन ग्रहांनी मला घाबरवलं होतं, त्यातला एकही त्या जागी नव्हता.

अण्णा प्रामाणिक आहेत. "याचा अर्थ लग्न नक्की जमलं असतं असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "शुक्र अष्टमात आहे, सप्तमाचा स्वामी मंगळ नीच राशीत आहे. कुणी उशीर सांगितला असता तर मी भांडलो नसतो. पण हा कागद तुझ्या प्रश्नाचा नाहीच." तोच प्रश्न, परिस्थिती बदललेली नसताना पुन्हा लावायचा नसतो, आणि नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी यजमानाने स्वतः बसून करायचा असतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कृष्णमूर्ती पद्धतीत तुमच्याकडून १ ते २४९ मधला एक आकडा मागून घेतात आणि लग्न त्या आकड्यावरून ठरवतात. तिथे रवीची ही खूण लागू होत नाही, संध्याकाळीही सिंह लग्न येऊ शकतं. मला कुणी आकडा विचारला नव्हता, आणि कागदावर वेळ छापलेली होती. तुम्ही गेलात तर प्रश्न विचारल्याची वेळ स्वतः लिहून ठेवा, आकडा मागितला का ते लक्षात ठेवा, आणि कुंडलीचा कागद हातात घेतल्याशिवाय उठू नका. जन्मवेळ का नाही, असं कुणी विचारलं तर "माहीत नाही" एवढंच सांगा.

पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. पैसे ऑनलाइन पाठवल्याची नोंद आहे, पण त्यांनी दिलेल्या दोन्ही पावत्यांवर "स्वेच्छेने दिलेली दक्षिणा" असं लिहिलंय, आणि मी ते तेव्हा वाचलंच नव्हतं.

अर्जाला जोडायला कागद शोधत होते तेव्हा मुलीने ती कुंडली पाहिली. मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात "मूळ कुळाचा दोष" लिहिलेलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आई, तुला हे खरं वाटलं होतं?"

मी हो म्हटलं. तिच्याशी मी कधी खोटं बोललेले नाही.