वर्ड की पीडीएफ: एटीएसला काय वाचता येतं?

नोकरीसाठी पाठवलेला बायोडेटा अनेकदा आधी एटीएस, म्हणजे अर्ज वाचून नोंदवणारं भरतीचं सॉफ्टवेअर, वाचतं. वर्ड फाइलमध्ये मुख्य मजकूर document.xml मध्ये असतो आणि हेडर वेगळ्या header1.xml मध्ये. काही एटीएस फक्त पहिली फाइल वाचतात. मग हेडरमध्ये ऐटीत बसवलेला फोन नंबर आणि ईमेल गायब होतो, आणि भरतीवाल्यांना अनुभव दिसतो पण संपर्क नाही. फुटरचंही तेच. नाव-नंबर पानाच्या मुख्य भागात, पहिल्या ओळीत लिहा.

पीडीएफमध्ये हेडर असा वेगळा कप्पाच नसतो. पानावरची अक्षरं आणि त्यांच्या जागा, एवढंच. त्यामुळे नंबर सहसा वाचला जातो. तिथे घात करतो तो फॉन्ट. काही शोभिवंत फॉन्ट f आणि i जोडून एकच आकृती काढतात. त्या आकृतीमागची अक्षरं फाइलमध्ये नीट नोंदलेली नसतील तर Certified चं Certi ed होतं, आणि त्या शब्दाच्या शोधात तुम्ही सापडत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर सहसा नुसतं चित्र असतं.

पीडीएफ तपासणं सोपं आहे: सगळं निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. वर्डला ही चाचणी अपुरी, कारण मजकूर निवडताना हेडर त्यात येतच नाही. जाहिरातीत काही सांगितलं नसेल तर मी एरियलमधली, एका रकान्याची वर्ड फाइलच पाठवेन.