पाटल्या 44 ग्रॅमच्या, पावतीवर मात्र 40

सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी मी पाटल्यांची जोडी गहाण ठेवली. 2022 च्या दिवाळीत इतवारीतल्या सराफ ओळीतून घेतलेली, हॉलमार्कची, खडा नाही, लाख नाही, मणी नाही. बिलावर 44 ग्रॅम, 22 कॅरेट. सोनेतारण कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत व्हॅल्युअर पाटल्या घेऊन आतल्या खोलीत गेला आणि मला बाहेर बसवलं. तेव्हाच उठून आत जायला हवं होतं. पण दवाखान्यातून फोनवर फोन येत होते, मी सही केली आणि 2,70,000 रुपये घेऊन निघाले.

पावती नीट वाचली ती चौथ्या दिवशी. एकूण वजन 44 ग्रॅम, शुद्धता कपात 4 ग्रॅम, निव्वळ वजन 40 ग्रॅम, शुद्धता 20 कॅरेट, दर 9,000, मूल्य 3,60,000. शाखेतल्या फलकावर त्या दिवशी 22 कॅरेटचा दर 9,900 होता आणि 20 कॅरेटचा 9,000.

माझे धाकटे दीर दागिने घडवतात. त्यांनी पावती पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, यांनी कमी कसाचे पैसे दोनदा कापले."

ते कसं, ते नीट सांगते, कारण पावतीवर एकेक आकडा बरोबरच दिसतो. 44 ग्रॅम सोनं 20 कॅरेटचं निघालं, तर 22 कॅरेटच्या हिशेबानं ते 40 ग्रॅम भरतं. असं वजन उतरवलं की त्याला 22 कॅरेटचाच दर लावायचा, म्हणजे 3,96,000. नाहीतर वजन 44 च ठेवायचं आणि दर 20 कॅरेटचा लावायचा, तरी 3,96,000 च येतात. माझ्या पावतीत वजनही उतरवलं होतं आणि दरही. 36,000 रुपये तिथेच गेले. आणि मुळात सोनं 22 कॅरेटचं असेल तर मूल्य 4,35,600 व्हायला हवं होतं.

मग 20 कॅरेट आलं कुठून? दिरांचं म्हणणं, व्हॅल्युअरनं जोडावर घासलं असणार. जोड सांधायचा डाक लवकर वितळावा म्हणून त्यात दुसरे धातू जास्त घालतात, त्यामुळे तिथे कस कमी दिसतो. कसोटीच्या दगडावर ओढायचं तर साध्या जागी, दोन-तीन ठिकाणी ओढायचं असतं.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीमच तसं दाखवून राहिली." मी वाद घातला नाही. घरी येऊन शाखा व्यवस्थापक आणि कंपनीचे तक्रार निवारण अधिकारी, दोघांना पत्र लिहिलं आणि पोच घेतली. त्यातला मुख्य भाग असा:

"माझ्या दोन्ही पाटल्यांवर एचयूआयडी क्रमांक आहेत. बीआयएस केअर ॲपवर ते तपासले असता शुद्धता 22 कॅरेट दिसते. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. असे असताना 20 कॅरेट कोणत्या पद्धतीने आणि दागिन्याच्या कोणत्या जागी तपासून ठरवले, ते लेखी कळवावे. 20 कॅरेट मानले तरी 4 ग्रॅमची कपात आणि 20 कॅरेटचा दर, दोन्ही एकत्र कसे लावले, याचा हिशेब द्यावा. दागिन्यात सोन्याखेरीज काहीही नाही, त्यामुळे निव्वळ वजन 44 ग्रॅमच लिहावे. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या निर्देशांनुसार कस तपासताना कर्जदाराने हजर असणे आवश्यक आहे. मला बाहेर बसवण्यात आले. फेरतपासणी माझ्यासमोर करावी."

वजनाच्या ओळीवर मी मुद्दाम अडून बसले. उद्या हप्ता चुकून लिलाव झाला किंवा दागिना हरवला, तर हिशेब याच पावतीवरून होणार. तिथे 40 लिहिलं की माझे चार ग्रॅम कागदावर कधी नव्हतेच.

बाराव्या दिवशी बोलावणं आलं. माझ्यासमोर, जोड सोडून तीन ठिकाणी तपासलं. तिन्ही वेळा 22 कॅरेट. 44 ग्रॅमची नवी पावती मिळाली आणि मूल्याच्या 75 टक्के कर्ज या हिशेबानं उरलेले 56,700 रुपयेही. खुलाशाच्या पत्रात मात्र एकच शब्द होता, 'टंकनदोष'.

तेवढ्या दिवसांसाठी मी एका ओळखीच्या माणसाकडून व्याजानं पैसे उचलले होते. ते व्याज मी लेखी मागितलं. 30 दिवस उत्तर आलं नाही, म्हणून दोन्ही पावत्या, पत्र आणि पोच जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार केली आहे. पहिली पावती बदलून देताना शाखेनं परत मागितली होती. मी तिची झेरॉक्स दिली, मूळ प्रत माझ्याकडेच आहे.