आठ हजार नऊशेची ‘ड्युटी’

मुलीच्या व्हायोलिनसाठी सिंगापूरहून बो आणि तारांचे दोन सेट मागवले होते. पाठवणावळीसकट २४० सिंगापूर डॉलर, म्हणजे आपले पावणेसोळा हजारांच्या आसपास. आठवड्याने मुलुंडच्या घरी डिलिव्हरीवाला आला, हातात छोटी स्लिप. ‘कस्टम ड्युटी ८,९०० रुपये.’ मी म्हटलं, अर्ध्याहून जास्त? तो म्हणाला, ‘सर, कस्टमचं आहे, आमच्या हातात काही नाही. नाहीतर पार्सल परत जाईल.’ मुलीची परीक्षा तोंडावर होती. स्कॅन करून पैसे दिले. पहिली चूक तीच झाली: हिशेब न मागता पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी कुरिअरला मेल टाकला की ड्युटी कशी लावली ते सांगा. उत्तर म्हणून त्याच स्लिपचा फोटो आला. पुन्हा मेल, पुन्हा फोन. दर वेळी नवा माणूस, आणि मी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची.

आमच्या मजल्यावरचे काका पूर्वी सहार विमानतळावर माल कस्टममधून सोडवण्याचं, क्लिअरिंगचं काम करायचे. ते म्हणाले, ‘अरे, ड्युटीचा खुलासा मागू नकोस, बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे मालाची किंमत आणि ड्युटी दाखवून कस्टमकडे भरलेल्या कागदाची, कॉपी माग. कुरिअरवाला तुझ्या केवायसीवर तुझ्या वतीने ते भरतो, आयातदार तू आहेस.’ मी तसं लेखी मागितलं आणि ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार करून तिचा नंबर मेलमध्ये टाकला. तीन आठवडे सरकत नसलेला कागद मग दोन दिवसांत आला.

काकांनी चष्मा लावून तो चहाच्या कपाशेजारी पसरला. ड्युटीच्या रकान्यात ८,९०० कुठेच नव्हते. ६,३९४ होते. म्हणजे २,५०६ रुपये कस्टमकडे गेलेच नव्हते. कुरिअरला जाब विचारल्यावर इन्व्हॉइस आलं: ड्युटी आगाऊ भरल्याचा आकार १,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,१८०. हा आकार खुद्द कुरिअरचा, सरकारचा नव्हे. तो घ्यायला हरकत नसेलही, पण ‘कस्टम ड्युटी’ म्हणून घेतला याला मी फसवणूकच म्हणेन. उरलेल्या १,३२६ रुपयांना तर कसलाच कागद नव्हता. ते लेखी मागणीनंतर ‘गुडविल’ म्हणून परत आले. चोरीचा माल परत देताना हा शब्द बरा सुचतो.

पण काकांचं बोट दुसऱ्याच रकान्यावर थांबलं होतं. चलन: USD. विनिमय दर ८६ च्या घरातला. किंमत २०,६४०. दुकानदाराच्या बिलावर किमतीपुढे नुसतं ‘$’ चिन्ह होतं, SGD ही अक्षरं खाली कोपऱ्यात बारीक टायपात. भरणाऱ्याने अमेरिकन डॉलर धरला. सिंगापूर डॉलर धरून, म्हणजे साधारण साडेपासष्टच्या दराने, किंमत १५,७२० येते आणि ड्युटी ४,८७० च्या आसपास. ड्युटीचे दर बरोबर होते, किंमत चुकली होती, म्हणून दीड हजार जास्त गेले. चलन आणि विनिमय दर हे दोन रकाने बिलाशी ताडून बघितले की असली चूक पाच मिनिटांत सापडते. टक्केवारीशी भांडत बसलात तर आयुष्यभर नाही.

हे पैसे कस्टमकडे जमा झालेत, म्हणून ते कुरिअर खिशातून देणार नाही. आधी कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती करून घ्यायची आणि मग कलम २७ खाली परतावा मागायचा. असेसमेंट, म्हणजे ड्युटीची आकारणी, न बदलता केलेला परताव्याचा अर्ज टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. दुरुस्ती मालाच्या क्लिअरन्सच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांवर होते, म्हणून दुकानदाराचं मूळ बिल, त्याच तारखेचं, आणि कार्डाच्या स्टेटमेंटवरची सिंगापूर डॉलरची नोंद जपून ठेवली आहे. परताव्याला मुदत पैसे भरल्यापासून एक वर्ष.

आणि इथेच दुसरा माणूस भेटला. कुरिअरच्या ‘रिफंड विभागातून’ बोलतोय म्हणाला. ‘सर, फाईल वर गेलीये, फक्त १,५०० प्रोसेसिंग टाका.’ खातं खासगी, यूपीआयवर कुणाचं तरी नाव. मी म्हटलं, सरकारी फी असेल तर चलान पाठवा, मी भरतो. ‘चलान नंतर निघतं सर.’ मी पैसे दिले नाहीत. पण त्याच्या ‘पुढच्या सोमवारी होईल’वर विसंबून मी तीन महिने घालवले होते, हे खरं.

आता दुरुस्तीचा अर्ज कुरिअरकडून लेखी पोच घेऊन दाखल झाला आहे. वर्षातले सात महिने गेले. कॅलेंडरवर पैसे भरल्याच्या तारखेला लाल गोल केलाय, आणि काका दर रविवारी विचारतात, ‘कॉपी आली का?’