कादंबरीवरचं एडिटोरियल लेटर: ९ हजार रुपये, ८ पानं, सात महिन्यांनंतरचा अनुभव

आधी तक्रार. पत्रात जिथे तिथे "पान ७१ बघा", "पान ३८ वरचा प्रसंग" असं लिहिलंय आणि माझ्या फाइलमध्ये पान ७१ वर भलतंच काहीतरी आहे. कारण मी टाइप केलं जुन्या फाँटमध्ये, पत्र लिहिणाऱ्या संपादक मॅडमनी वाचायला युनिकोडमध्ये बदलून घेतलं, त्यात सगळी पानं सरकली. त्यांचं ७१ म्हणजे माझं ८४. प्रकरण आणि प्रसंगाचा नंबर लिहायला काय जातं हो? ९ हजार भागिले ८, म्हणजे पानाला अकराशे पंचवीस रुपये पडले, आणि वर ती पानं शोधत बसायचं काम माझ्याकडे.

एडिटोरियल लेटर म्हणजे प्रूफ तपासणं नाही हे इथल्या लोकांना माहीत असेलच. शुद्धलेखनाला हात लावत नाहीत, फक्त कादंबरीचा सांगाडा बघतात. माझी कादंबरी इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्या घराची. वडलांना पक्षाघात, आठ मागांचं शेड कर्जात, भावाला माग भंगारात काढून मोकळं व्हायचंय, आणि नवऱ्याचं घर सोडून आलेली मालती शेडचा हिशेब बघतेय. पहिला भाग ९२ पानांचा (त्यांच्या पानांनी!). पत्राचा मुद्दा एकच, या ९२ पानांत मालतीला काय हवंय ते कळत नाही आणि ते नाही मिळालं तर तिचं काय जाणार हेही कळत नाही. ती नुसती बघते, ऐकते, चहा करते.

मी जाम वैतागलो. अहो शेड वाचवायचंय ना तिला, दिसत नाही का? पहिल्या महिन्यात मी रागारागात चार ठिकाणी तिच्या मनातले विचार घुसडले, "हे शेड मी जाऊ देणार नाही" टाइप. मित्राला वाचायला दिलं तर तो म्हणाला, ही बोलते खूप, करत काहीच नाही. त्याच्या हातात पत्र नव्हतं, तरी बोलला तेच. तेव्हा मी इथे दोन स्टार द्यायच्या तयारीत होतो, ते आता मागे घेतो.

कारण मग पत्राच्या शेवटी दिलेला तक्ता भरला, जो मी आधी शाळेचा गृहपाठ समजून सोडून दिला होता. पहिल्या भागातला प्रत्येक प्रसंग एका ओळीत, पुढे तीन रकाने: या प्रसंगात मालतीला काय हवंय, कोण आडवं येतंय, शेवटी काय बदललं. १४ प्रसंगांपैकी ९ मध्ये पहिला रकाना कोरा! मीच लिहिलेली कादंबरी आणि मलाच भरता येईना.

पंचेचाळीस मिनिटांचा एक फोन पॅकेजमध्ये असतो, त्यात मॅडमनी विचारलं, "तिचं काम झालं की फसलं, हे वाचकाला कशावरून कळणार?" शेड वाचवायचंय एवढं पुरत नाही म्हणे, त्याला तारीख-रक्कम हवी. मी म्हटलं ठीक, ३१ मार्चच्या आत दोन लाख ऐंशी हजार. तर म्हणाल्या, "हे बँकेचं झालं. मालतीचं काय जातं?" मी गप्प. मग बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं की शेड गेलं तर हिशेब गेला, हिशेब गेला तर माहेरी राहायला तिला कारण उरत नाही, परत त्या नवऱ्याकडे जावं लागेल. हे मी नवव्या प्रकरणात कुठेतरी अर्ध्या वाक्यात लिहून ठेवलं होतं.

बँकेची नोटीस त्या पान ७१ वर येत होती, ती पान १२ वर आणली. नुसती आणून भागलं नाही, आधी तसं करून बघितलं तर ती आणखी एक वाईट बातमी झाली, बास. मग मालती नोटीस सही करून घेते आणि भावाला न दाखवता सुताच्या बिलांच्या फाइलमध्ये लपवते, असं केलं. एक वाक्य मनातलं नाही, तरी तिला काय हवंय ते दिसतं, शिवाय उद्या भावाला कळलं तर काय ही टांगती तलवार फुकटात मिळाली. मावसबहिणीच्या लग्नाचं प्रकरण पत्रात "काढा किंवा कामाला लावा" होतं आणि ते माझं सगळ्यात लाडकं, म्हणून सर्वात जास्त राग त्याचाच होता. ते राहिलं. फक्त आता मालती तिथे आत्याकडे उसने मागायला जाते, म्हणून पंगतीत कुणाशेजारी बसायला मिळतं यालाही अर्थ आला. कोऱ्या नऊपैकी चार प्रसंग कापले, तीन एकात घातले, पहिला भाग ६१ पानांवर आला.

नवऱ्याची बाजू कच्ची आहे, तो नुसता व्हिलन झालाय, यावर पत्रात अवाक्षर नाही. एवढे पैसे घेऊन ते दिसायला हवं होतं.

तर चार स्टार, एक स्टार पान नंबरांच्या घोळाचा कापला. दुसरा ड्राफ्ट वाचायचे साडेचार हजार सांगितलेत. या वेळी मीच प्रत्येक प्रसंगाला नंबर टाकून, युनिकोड करून फाइल तयार ठेवलीय, पैसे अजून पाठवलेले नाहीत.