मऊ क्लेमधला खड्डा: तळ उचलेल का हे टर्झाघीने तपासायचं की बिएरम-आयडेने?

मरीन क्लेमधे शीट पाइल, वेलर, स्ट्रट सगळं लावून खड्डा घ्यायचा ठरला की डिझाइन नोटमधे बेस हीव्हचा एक चेक लागतोच. म्हणजे बाहेरच्या मातीच्या वजनाने तळाखालची क्ले दबून आत सरकेल आणि खड्ड्याचा तळ वर येईल का, एवढंच बघायचं. हातानं करायच्या दोन पद्धती जास्त चालतात, टर्झाघीची 1943 ची आणि बिएरम-आयडेची 1956 ची. मी दोन्ही बऱ्याच वेळा वापरल्यात, जास्त करून नवी मुंबईच्या खाडीलगतच्या सीवर आणि पंपिंग स्टेशनच्या खड्ड्यांसाठी. कुठली घ्यावी असं नवीन डिझायनर विचारतात म्हणून हे लिहितोय.

आधी स्टॅबिलिटी नंबर. तळाच्या लेव्हलला बाहेरून येणारा एकूण भार भागिले क्लेची अनड्रेन्ड स्ट्रेंथ:

```
N = (γH + q) / su
```

हा 4 च्या खाली असला की हालचाल साधारण कमीच राहते, 6-7 कडे गेला की तळ कधीही हातातून जाऊ शकतो. मधल्या पट्ट्यात नक्की कुठे थांबायचं ते Nc वर ठरतं, आणि दोन पद्धतींचा खरा वाद तिथेच आहे.

टर्झाघी म्हणतो की तळाखाली Nc 5.7 धरा आणि वर बाहेरचा मातीचा ठोकळा खाली सरकताना त्याच्या उभ्या बाजूवर, थेट जमिनीपर्यंत, जे घर्षण मिळेल तेही वजा करा:

```
FS = 5.7 su / (γH + q − su H / 0.7B)
```

बिएरम आणि आयडे यांनी प्रत्यक्ष घेतलेले खड्डे तपासले, त्यात तळ गेलेलेही होते, आणि त्यांचं म्हणणं असं की खड्डा खोल आणि अरुंद असला तर सरकण्याची रेघ जमिनीपर्यंत पोचतच नाही, ती तळाच्या आसपासच फिरते, खोल फुटिंगखाली फिरते तशी फक्त उलट दिशेनं. म्हणून बाजूचं घर्षण वेगळं मोजू नका, त्याऐवजी Nc च खोली आणि लांबी-रुंदीप्रमाणे बदला. चार्ट हाताशी नसेल तर स्केम्प्टनचं सूत्र जवळपास तेच आकडे देतं:

```
Nc = 5 (1 + 0.2 B/L)(1 + 0.2 H/B)     (H/B जास्तीत जास्त 2.5)
FS = Nc su / (γH + q)
```

आता एक सीवर ट्रेंच धरा. खोली 6 मीटर, रुंदी 4, एका वेळी उघडी लांबी 30, क्लेचं वजन 16 किलोन्यूटन प्रति घनमीटर, कडेला 10 किलोपास्कल सरचार्ज, su 20 किलोपास्कल. भार झाला 106, म्हणजे N 5.3. बिएरम-आयडेनं Nc येतो 6.67 आणि एफओएस 1.26. टर्झाघीनं तोच खड्डा 1.8 देतो. आपण मागतो 1.5, म्हणजे एक पद्धत पास करते आणि दुसरी नापास, आणि दोन्ही नोटा दिसायला तितक्याच व्यवस्थित असतात.

मला टर्झाघी नकोसा झाला तो मात्र याच्या पुढच्या गोष्टीमुळे. su ची व्हॅल्यू बहुतेक वेळा फील्ड व्हेनवरून येते, आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स 50 च्या आसपास असला तर बिएरमच्याच करेक्शनप्रमाणे ती साधारण 0.8 नं गुणून कमी करायची असते, जी पुष्कळ रिपोर्टांत केलेलीच नसते. वरच्या उदाहरणात व्हेननं 25 दाखवले होते असं समजा आणि ते तसेच टाकून बघा. बिएरम-आयडेत 1.26 चे 1.57 होतात, su वाढली तेवढ्याच प्रमाणात, हे समजण्यासारखं आहे. टर्झाघीत 1.8 चे थेट 2.7 होतात, कारण तिथे su वरही आहे आणि खाली वजाबाकीतही आहे, म्हणजे इनपुटमधली पाव चूक आउटपुटमधे निम्मी होऊन बसते. त्यात वरचे दीड-दोन मीटर मुरमाचा भराव किंवा वाळून कडक झालेला थर असतो, त्याची स्ट्रेंथ बाजूच्या घर्षणात धरायची की नाही यावर रिव्ह्यू मीटिंगमधे तास जातो, आणि भरावाला उभी चीर पडली की ते घर्षण उरतच नाही. एका कामावर सरासरी su कुठून कुठपर्यंत घ्यायची यावरच तीन रिव्हिजन झाल्या होत्या. बिएरम-आयडेत मुख्य प्रश्न एकच राहतो, तळाच्या आसपास आणि तळाखाली रुंदीच्या साधारण 0.7 पट खोलीपर्यंत क्ले कशी आहे, आणि बोरहोलवाल्याला तिथे व्हेन घ्यायला आधीच सांगता येतं.

टर्झाघी सगळीकडे वाईट असं म्हणायचं नाहीये. त्याच क्लेमधे 20 मीटर रुंद, 60 लांब, 6 मीटरच खोलीचा बेसमेंट घ्या, तर टर्झाघी 1.17 देतो आणि बिएरम-आयडे 1.07, फरक फार नाही, आणि दोन्ही नको म्हणतात. मुंबईच्या बाजूला क्लेखाली बेसॉल्ट जवळ असतो, तो तळाखाली 2 मीटरवर लागला तर सरकायला जागाच उरत नाही, आणि टर्झाघीत 0.7B च्या जागी ते 2 मीटर टाकता येतात. एफओएस अडीचपर्यंत जातो, बाजूचं घर्षण अर्धंच धरलं तरी 1.5 मिळतो. बिएरम-आयडेच्या साध्या रूपात याला जागा नाही, तो 1.07 च म्हणत राहील. तेव्हा रुंद खड्डा आणि उथळ खडक असेल तर मी टर्झाघीच घेईन, घर्षण कापून. शीट पाइल खडकात नीट रोवली असेल तर प्रश्नच वेगळा होतो, पण नुसती क्लेमधे दोन मीटर जास्त मारलेली लवचिक पाइल दोन्हीत धरू नये असं माझं मत आहे.

सॉफ्टवेअर चालवू म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, सिंगापूरच्या निकोल हायवेच्या खोदकामात 2004 मधे इफेक्टिव्ह पॅरामीटर टाकून केलेल्या अनड्रेन्ड अ‍ॅनालिसिसमुळे मऊ क्लेची ताकद जास्त धरली गेली होती. ते कोसळलं त्यात स्ट्रट-वेलर जोडाचाही मोठा वाटा होता, पण su ची चूक मॉडेल लपवू शकतं हे खरं.

बिएरम-आयडे आवडण्याचं अजून एक कारण म्हणजे नापास झालं तर काय करायचं ते तोच सांगतो. त्याच ट्रेंचमधे कडेचा माल हलवून सरचार्ज शून्य केला तर 1.26 चे 1.39 होतात. वर 30 च्या जागी 8 मीटरचा बे उघडला तर Nc 7.15 होतो आणि एफओएस 1.49, अर्थात शेजारचा बे भरून किंवा पीसीसी टाकून झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही ही अट पाळली तरच, नाहीतर ते 8 मीटर कागदावरच राहतात. साइटवर मी लक्ष ठेवतो ते तळाच्या आरएलवर: पोकलेन माल काढतोय, डंपर भरून जातायत आणि लेव्हल खाली जात नाहीये, किंवा मधले किंग पोस्ट काही मिलिमीटर वर आलेत आणि बाहेर खड्ड्याला समांतर चीर दिसतेय, तर खोदकाम थांबवून तळावर लगेच माल परत टाकायला सांगतो, आकडेमोड त्यानंतर.